रोशाच्या भट्ट्या भादव्यातच का पेटायच्या?



आज जरा जुन्या काळात जाऊ. आपल्या पश्चिम खानदेशातल्या डोंगरउतारावर जे रोशा गवत उगवतं, ज्याला कुणी तिखाडी म्हणतं, त्याच्या तेलाचा इथे एके काळी मोठा धंदा होता. दुकानात ‘रोशेल तेल’ म्हणून गुडघ्याला चोळायला मिळायचं, तेच हे. इंग्रजीत याला पामारोजा म्हणतात आणि आता बरेच शेतकरी हलक्या रानात त्याची लागवड करतात. मला नेहमी विचारतात, ‘भाऊ, कापणी नेमकी कधी करायची?’ त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या भट्टीवाल्यांना माहीत होतं. फक्त त्यामागचं कारण त्यांनी थोडं वेगळं लावलं होतं आणि साहेबांनी ते तसंच लिहून ठेवलं. ती गुंतागुंत सुटली तर आजचा कापणीचा हिशेब बरोबर बसतो.

1880 साली मुंबई सरकारनं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. त्यात या धंद्याची नोंद आहे. मूळ ठिकाण पिंपळनेर. तिथलं गवत कमी झालं तसा धंदा नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडे सरकला. गवत सगळ्यात दाट होतं ते अक्राणीत. तेल काढणारे बहुतेक मुसलमान कारागीर होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला गवत फुलायला लागलं, की ते लोकांकडून डोक्यावरच्या भाऱ्यांनी गवत विकत घ्यायचे आणि बारमाही ओहोळाच्या काठी भट्टी मांडायचे. 1879-80 साली अशा 197 भट्ट्या होत्या आणि त्यांचं मिळून तेल निघालं सुमारे 71 हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापात साधारण 3600 किलो.

भागाकार करून बघा. एका भट्टीच्या वाट्याला अख्ख्या हंगामात 18 किलोच्या आसपास तेल येतं. शंभर किलो हिरव्या गवतातून दीडशे ते अडीचशे ग्रॅम तेल निघतं असं धरलं, तरी त्यासाठी सात ते बारा टन गवत त्या एका हंड्यातून जायला पाहिजे. तेही पावसाळा सरता सरता, फुलोऱ्याच्या थोड्या आठवड्यांत. गॅझेटिअर असंही सांगतं की तेल याहून जास्त निघालं असतं, पण लखलखीत जळणारं अंजनाचं लाकूड पुरत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. गवत डोंगरभर होतं, अडत होतं ते जळण. म्हणून एका हंड्याला लागणाऱ्या जळणात जास्तीत जास्त तेल कसं निघेल, याच्यावर त्यांचं सगळं गणित होतं.

हे तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटानं सुरतेला जायचं, किंवा धुळे-मनमाडवरून मुंबईला. मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे ते थेट कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोचायचं. म्हणून युरोपात याला कित्येक वर्षं ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत होते. तुर्कस्तानात ते लिंबाच्या रसाबरोबर हलवून, उन्हात ठेवून उजळ करायचे आणि गुलाबाच्या महाग अत्तरात भेसळीला वापरायचे. कधी भट्टीत जाणाऱ्या गुलाबपाकळ्यांवरच शिंपडायचे. भेसळ बेमालूम व्हायची, कारण गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक आणि आपल्या रोशातला मुख्य घटक एकच आहे, जिरेनिऑल. 1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला, तोसुद्धा याच हिंदुस्थानी तेलातून.

आता त्या भट्टीकडे येऊ.

ओहोळाकाठी दोनेक फूट खोल खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर मोठा हंडा. आधी थोडं पाणी, मग कापलेलं गवत काठोकाठ दाबून, वरून परत थोडं पाणी. झाकण घालून कडेला कालवलेल्या पिठाचं लिंपण, म्हणजे वाफ बाहेर जाणार नाही. झाकणाच्या भोकातून कापड गुंडाळून, लिंपून, दोरीनं आवळलेली बांबूची नळी निघायची. ती जायची दुसऱ्या बंद हंड्यात. हा दुसरा हंडा वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला. वाफ तिकडे जाऊन गार व्हायची, पाणी जमायचं. तो हंडा भरत आला की नळी काढून पाणी तिसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ढवळायचं. मग तेल हळूहळू वर यायचं, ते काढून घ्यायचं. उरलेलं पाणी फेकायचे नाहीत. ते नव्या गवताबरोबर परत पहिल्या हंड्यात.

यातली एकेक गोष्ट आजच्या शास्त्राला धरून आहे.

जिरेनिऑल एकटं उकळायचं म्हटलं तर 230 अंश उष्णता लागते. एवढ्या तापात गवत जळून जाईल. मग ते हंड्यातून बाहेर कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापल्या वाफेचा जोर स्वतंत्रपणे लावतात. दोघांचा जोर मिळून बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की दोन्ही एकदम निघतात, आणि हे 100 अंशाच्या जरासं खालीच होतं. म्हणजे वाफ ही तेलाची बैलगाडी. गाडी मोठी आणि माल थोडा, म्हणून थोड्या तेलासाठी पुष्कळ पाणी उकळावं लागतं आणि जळण खपतं.

रोशाचं तेल पानाच्या वरच्या अंगाला नसतं. ते पानाच्या आत, मगजातल्या काही ठरावीक पेशींत असतं. म्हणून गवत चुरगळल्याशिवाय त्याचा खरा वास येत नाही. वाफेला आत शिरून ते बाहेर ओढायला वेळ लागतो. गवत कापून आणि सारखं दाबून भरलं तर वाफ सगळीकडून जाते. कुठे पोकळी राहिली तर वाफ तिथूनच वाट काढते आणि बाजूचं गवत तसंच राहतं. हे ओळखायचं असेल तर घाणा संपल्यावर टाकीच्या कडेचं आणि मधलं मूठभर गवत काढून, गार करून, चोळून वास घ्यावा. दोन्हींच्या वासात फरक आला तर भरण्यात खोट आहे असं समजावं.

पाणी परत टाकायचं कारणही सरळ आहे. जिरेनिऑल थोडंसं पाण्यात विरघळतं. ते पाणी फेकलं तर तेवढं तेल गेलं. म्हणून आजही साध्या भट्टीवर हे पाणी पुढच्या घाण्यात घेतात.

पण जुन्या भट्टीत दोन दोष होते. एक म्हणजे गवत पाण्यात बुडून थेट आगीवर. पाणी कमी पडलं की तळाचं गवत करपायचं आणि तेलाला धुरकट जळका वास लागायचा. दुसरा दोष बारीक आहे पण महत्त्वाचा. रोशाच्या तेलात जिरेनिऑलच्या जोडीला जिरेनिल ॲसिटेट नावाचा एक घटक असतो. त्याचा वास मऊ, फळासारखा गोडसर. तो तासनतास पाण्यात उकळला तर थोडा फुटतो आणि त्याचं जिरेनिऑल आणि व्हिनेगरमधलं आम्ल होतं. आज गवत जाळीवर ठेवून बाहेरच्या बॉयलरची वाफ सोडतात, गवत पाण्यात शिजत नाही. घाणा दोन-तीन तासांत उरकतो, करपत नाही आणि ॲसिटेट बऱ्याच अंशी टिकतं. म्हणून एकाच शेताचं गवत दोन भट्ट्यांवर नेलं तर तेलाचा वास तंतोतंत सारखा येत नाही.

आता मुख्य प्रश्न. फुलोराच का?

ज्वारी निसवते तसाच रोशा निसवतो. आधी पोटरी, मग तुरा बाहेर, मग फुलोरा, मग दाणा. आणि तेल काही गवताच्या सगळ्या अंगात सारखं नसतं. अभ्यासकांनी ताज्या गवताचे भाग वेगळे करून तेल काढलं आहे. ढोबळमानानं 100 किलो ताज्या तुऱ्यात 500 ग्रॅमच्या आसपास, 100 किलो पानात 200 ग्रॅमच्या आसपास आणि 100 किलो दांड्यात जेमतेम 20 ग्रॅम तेल असतं. जात, जमीन, हंगाम बदलला की आकडे वरखाली होतात, सुधारित जाती यापेक्षा जास्त देतात, पण तिघांतली उतरंड हीच राहते.

मी माझ्या बांधावरचं फुलोऱ्यातलं 10 किलो गवत कापून ताडपत्रीवर बसून भाग वेगळे केले आणि काट्यावर तोलले. दांडे निघाले 6 किलो, पानं अडीच किलो, तुरे दीड किलो. आता वरच्या आकड्यांनी हिशेब करा. दीड किलो तुऱ्याचं साडेसात ग्रॅम, अडीच किलो पानांचं पाच ग्रॅम, सहा किलो दांड्यांचं सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. एकूण पावणेचौदा ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे वजनात सहावा हिस्सासुद्धा धड नसलेल्या तुऱ्यानं निम्म्याहून जास्त तेल दिलं, आणि टाकीतली निम्म्याहून जास्त जागा अडवणाऱ्या दांड्यानं दहावा हिस्साही दिला नाही.

आता तेच गवत पोटरीत असताना कापलं तर? तेव्हा तुरा बाहेर नाही. 10 किलोत साधारण साडेपाच किलो पान आणि साडेचार किलो दांडा धरा. तेल भरतं बारा ग्रॅमच्या जरा आत. तुम्ही म्हणाल, फरक फार नाही. किलोमागे बघितलं तर खरंच नाही. पण जागेमागे बघा. पोटरीत जेवढ्या जागेत 10 किलो गवत भरतं, तेवढ्याच जागेत फुलोऱ्यापर्यंत 15 किलो भरलं असं धरू. मग फुलोऱ्यात तेवढ्याच जागेचं तेल साडेवीस ग्रॅम, आणि पोटरीत बारा. टक्केवारी बघून कापणी ठरवणारा इथे फसतो. तेलाचा हिशेब एकरावर मांडावा.

उशीर केला तर काय? दाणा पक्का झाला की तुरा कोरडं भूस होतो, खालची पानं पिवळी पडून वाळतात. पान तेल तयार करतं ते कोवळं असताना, वाढत असताना. म्हातारं पान नवं तेल करत नाही, असलेलं घालवत राहतं. दांडा मात्र जाड होत जातो. म्हणजे टाकी भरते, जळण जातं, तेल उतरत नाही. म्हणून आजची शिफारस अशी की फुलं उघडल्यापासून आठवडा ते दहा दिवसांच्या आत कापणी उरकावी. खानदेशी भट्टीवाल्यानं हे तोलकाट्याशिवाय ओळखलं होतं. ज्याला अंजनाचं लाकूड मोजून वापरायचं, तो रिकामा दांडा उकळत बसणार नाही.

दांड्याचा हा हिशेब आजही कामाचा आहे. जमिनीलगत न कापता वरचा निम्मा भाग कापला, तर 10 किलोत साधारण 3 किलो तुरे, 4 किलो पान आणि 3 किलो दांडा येतो. तेल भरतं साडेतेवीस ग्रॅमच्या वर. एका घाण्याच्या जळणात पावणेदोन पट. पण खाली उरलेला बुडखा नंतर वेगळा कापावाच लागतो, नाहीतर फुटवा नीट येत नाही. मजुरी महाग आणि जळण स्वस्त असेल तर ही पद्धत परवडत नाही, उलट असेल तर परवडते. ज्यानं त्यानं आपला हिशेब मांडावा.

इथेच आणखी एक गैरसमज काढून टाकतो. कापलेलं गवत सावलीत एक दिवस पसरून सुकवलं तर ‘उतारा वाढतो’ असं म्हणतात. 100 किलो गवताचं 140 ग्रॅम तेल निघत असेल, आणि सुकून ते 70 किलो झालं, तर त्याचंही 140 ग्रॅमच निघणार. टक्का 0.14 वरून 0.20 झाला, पण तेल एक थेंबही वाढलं नाही. फायदा एवढाच की टाकीत जास्त गवत मावतं आणि जळण वाचतं. हा फायदा खरा आहे, तो घ्यावा. पण हिरव्या गवताचा ढीग मारून ठेवू नये. आत हात घातला आणि ऊब लागली तर गवत कुजायला लागलंय आणि वास बिघडणार असं समजावं.

इथवर तेलाच्या मापाचं झालं. आता प्रत.

फुलोरा पुढे सरकतो तसं तेलाचं अंतरंगही बदलतं. कोवळ्या, नुकत्या निघालेल्या तुऱ्यात ॲसिटेटचा वाटा मोठा असतो. तुरा वाढून फुलं उघडत जातात तसा तो कमी होतो आणि जिरेनिऑल वाढतं. लखनौच्या सीमॅप संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 च्या सुमारास हे काम मांडलं. तुऱ्यामध्ये एक विकर असतं, ते ॲसिटेटचा बंध तोडून त्याचं जिरेनिऑल करतं. म्हणजे जुन्या हंड्यात उकळत्या पाण्यानं जे घडायचं, तेच गवत स्वतः उभ्या शेतात, गार हवेत करत असतं. लवकर कापलेल्या गवताचं तेल म्हणून जास्त मऊ, गोडसर लागतं आणि फुलोऱ्यातल्याला गुलाबाचा वास ठसठशीत येतो. घेणारा जिरेनिऑलच्या टक्क्यावर भाव देत असेल तर फुलोऱ्याची वाट बघण्यात दुहेरी फायदा आहे.

आता त्या जुन्या नोंदीतली गुंतागुंत.

त्या काळच्या लिखाणात असं आहे की रोशाचा तुरा कोवळा असताना निळसर पांढरा असतो तेव्हा त्याला ‘मोतिया’ म्हणतात, आणि तो पिकून लालसर झाला की ‘सोफिया’ किंवा ‘सोनफिया’. मोतियाचं तेल नाजूक वासाचं, सोफियाचं भरड. भट्टीवाले दोन्ही मिसळून टाकतात, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे समज असा झाला की एकच गवत, फक्त कापणीची वेळ वेगळी. लवकर कापलं तर मोत्यासारखं, उशीर केला तर हलकं. कापणीच्या वेळेनं प्रत बदलते हे आपण आत्ताच पाहिलं, त्यामुळे हा समज पटण्यासारखाही होता.

पण बाजारात येणारी दोन तेलं फार वेगळी होती. एकाला गुलाबाचा वास. दुसऱ्याला आल्यासारखा, म्हणून त्याला व्यापारी ‘जिंजरग्रास’ तेल म्हणायचे आणि भाव कमी द्यायचे. नुसती दोन-तीन आठवड्यांच्या उशिरानं गुलाबाचं आलं होईल काय? 1906 साली लंडनजवळच्या क्यू बागेतले ओटो स्टाफ यांनी हिंदुस्थान आणि सिलोनच्या तेलगवतांची नीट वर्गवारी केली आणि रोशाला ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ या नावाखाली बसवलं. यातलं ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या लढाईत फौजेबरोबर असताना त्यानं बघितलं की गुरं हे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधा-लोण्याला, मांसालाही त्याचा वास लागतो. त्यानं बी गोळा केलं, ते कलकत्त्याला रॉक्सबर्ग यांच्याकडे पोचलं.

पुढे 1909 साली कलकत्त्यात काम करणाऱ्या आय. एच. बर्किल यांनी मोतिया-सोफियाचा उलगडा केला. त्यांनी दाखवून दिलं की हे कोवळं आणि पिकलेलं असे एकाच गवताचे दोन टप्पे नव्हेत. हे एकाच जातीतले दोन वेगळे वाण आहेत. मोतिया वाढतो मोकळ्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर. सोफिया राहतो ओलसर, सखल, झाडीच्या जागी. दिसायला दोन्ही इतके सारखे की गवत कापून भारा बांधल्यावर फरक उरतच नाही. पुढे पेशींचा अभ्यास झाला तेव्हा खुलासा पक्का झाला. मोतियाच्या पेशीत 20 गुणसूत्रं, सोफियाच्या पेशीत 40. मोतियाच्या चांगल्या तेलात तीन चतुर्थांशाहून जास्त जिरेनिऑल असतं. सोफियाच्या तेलात ते बरंच कमी, आणि लिमोनीनसारखे दुसरेच घटक भरपूर.

आता लक्षात घ्या काय झालं असेल. डोक्यावरच्या भाऱ्यांतून गवत विकत घेतलं जायचं. कुणी उघड्या माळावरनं कापलं, कुणी ओढ्याच्या अंगाचं. भारे एकाच हंड्यात पडले. तेल कधी उत्तम यायचं, कधी भरड, आणि दोष जायचा कापणीच्या वेळेला. वेळेचा परिणाम खराच होता, पण त्याच्या आडून वाणाचा परिणामही काम करत होता. टप्पा बदलला तर त्याच तेलातल्या घटकांचं प्रमाण बदलतं. वाण बदलला तर तेलच दुसरं होतं. बदल दोन प्रकारचे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

हे आजच्या शेतात का सांगतोय? कारण तेलाचा अहवाल हातात पडतो आणि त्यात जिरेनिऑल कमी येतं, तेव्हा आपण पहिलं बोट कापणीवर किंवा भट्टीवर ठेवतो. आधी हे बघा. ॲसिटेट जास्त आणि जिरेनिऑल त्या प्रमाणात कमी असेल, पण दोन्ही मिळून बेरीज चांगली असेल, तर कापणी लवकर झाली असं समजा. पुढच्या खेपेला थांबा. पण बेरीजच कमी असेल आणि लिमोनीनसारखे घटक वर आले असतील, तर गवतात सोफिया शिरलाय. मग कितीही वेळ साधून कापलं तरी उपयोग नाही.

त्यासाठी फुलोऱ्यात एक फेरी मारावी. प्रत्येक शंकास्पद ठोंबाचा तुरा तळहातावर चोळून वास घ्यावा. गुलाब आला तर ठेवावा. आलं किंवा तिखटपणा आला तर ठोंब मुळासकट काढावा, आणि तेही दाणा भरायच्या आधी. बी बारीक असतं, एकदा मिसळलं की निवडता येत नाही. रानातलं बी गोळा करून लावणाऱ्यांनी तर ही फेरी चुकवूच नये, विशेषतः ओढ्याकाठच्या पट्ट्यात.

एक चाचणी तेलाचीही आहे. जुन्या काळी मुंबईच्या बाजारात रोशेलमध्ये खोबरेल, रॉकेल, टर्पेंटाइन मिसळायचे. शुद्ध रोशेल 70 टक्के अल्कोहोलच्या दीड ते तीन पट मापात स्वच्छ विरघळतं. गढूळ झालं किंवा थेंब वेगळे दिसले तर काहीतरी मिसळलंय. फक्त एक मर्यादा सांगून ठेवतो. या चाचणीनं भेसळ कळते. कापणी लवकर झाली की वेळेवर, हे तिनं कळणार नाही, त्याला प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो.

शेवटी एक सावधगिरी. ‘फुलोऱ्यात कापा’ हा नियम रोशाचा आहे, सगळ्या सुगंधी गवतांचा नाही. गवती चहाचं तेल पानात असतं, आणि तेही पान कोवळं असताना, झपाट्यानं वाढत असताना तयार होतं. तिथे तुऱ्याची वाट बघत बसलं तर खालची पानं वाळतात आणि उतारा घसरतो. सिट्रोनेलाचंही पानाचंच गणित. त्यामुळे नवं कुठलं गवत लावलं तर पहिल्या वर्षी 10 किलो कापून ताडपत्रीवर बसा, पान, दांडा, तुरा वेगळा तोला आणि चोळून वास घ्या. तेल कुठल्या भागात आहे हे एकदा कळलं की कापायचं कधी ते गवत स्वतःच सांगतं.

यंदा निसवा सुरू झाला की मी माझ्या तुकड्यातली गुलाब-आल्याची फेरी करणारच आहे. ज्यांना ठोंब ओळखण्यात शंका असेल त्यांनी तुरा कागदात गुंडाळून घेऊन यावं, चोळून बघू.